उंचीची वही स्कोअरबुकाशेजारी ठेवा: पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाचा रिपोर्ट

प्रश्न: मी पुण्यात एका अकादमीत सहायक प्रशिक्षक आहे. आमच्याकडच्या पंधरा वर्षांच्या, उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाचा स्काउटिंग रिपोर्ट मला लिहायचा आहे. सामन्यांचे आकडे आहेत, ॲक्शनचे मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ आहेत, उंची-वजनाच्या नोंदीही आहेत. पण लिहायला बसलं की तीन वेगवेगळे रिपोर्ट होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याने भरपूर विकेट्स काढल्या, डिसेंबरनंतर त्या आटल्या. ‘फॉर्म गेला’ एवढंच लिहू का? हे सगळं एकत्र कसं वाचायचं?

उत्तर:

‘फॉर्म गेला’ हे शब्द कागदावर उतरवण्याआधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर जूनपासून मार्चपर्यंतचे महिने आडवे लिहा. पहिल्या ओळीत उंचीच्या नोंदी, दुसऱ्या ओळीत व्हिडिओ घेतल्याच्या तारखा, तिसऱ्या ओळीत सामने. वाढत्या वयाच्या गोलंदाजात या गोष्टी एकामागून एक घडतात. आधी शरीर बदलतं, मग ॲक्शन त्या नव्या शरीराशी जुळवून घ्यायला धडपडते, आणि स्कोअरबुकात त्याचा परिणाम आणखी काही आठवड्यांनी उतरतो. आपण मात्र उलट्या दिशेने वाचतो. आधी विकेट्स बघतो, मग व्हिडिओ, आणि उंची-वजनाचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून शेवटी भरतो. तारखा एका रेषेत आल्या की तीन रिपोर्ट आपोआप एक होतात.

मी वीसेक वर्षं पुण्यातलं ज्युनियर क्रिकेट पाहतोय. नेहरू स्टेडियम, पीवायसी, डेक्कन जिमखाना, आणि शहराबाहेरची कितीतरी मॅटिंगची मैदानं. तुम्ही सांगताय तसाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचं नाव आणि क्लब सांगत नाही, पण आकडे त्याचेच देतो.

जूनमध्ये तो १५ वर्षं २ महिन्यांचा होता. एप्रिलचा जन्म, म्हणजे पुढच्या हंगामात तो १६ वर्षांखालच्या गटातून, विजय मर्चंट करंडकाच्या वयोगटातून बाहेर पडणार आणि थेट १९ वर्षांखालच्या, कूचबिहार करंडकाच्या वयोगटात जाणार होता. हे आधी लक्षात घ्या, कारण १६ ते १९ या उडीत उशिरा वाढणारी मुलं हमखास गळतात. अशा मुलाच्या रिपोर्टात एक चुकीचं वाक्य पडलं तर ते दुरुस्त करायला पुढचा हंगाम मिळेलच असं नाही.

आता त्याच्या उंचीची ओळ. जूनमध्ये १६८.४ सेंटिमीटर, सप्टेंबरमध्ये १७०.६, डिसेंबरमध्ये १७३.३, मार्चमध्ये १७५.१. नऊ महिन्यांत ६.७ सेंटिमीटर. नुसती उंची मोजून थांबला असाल तर पुढच्या वेळेपासून बसलेली उंचीही घ्या. ४० सेंटिमीटर उंचीचा एक लाकडी ठोकळा भिंतीला लावायचा, मुलाला त्यावर पाठ आणि कुल्ले भिंतीला टेकवून बसवायचं, आणि डोक्यापर्यंतच्या मापातून ४० वजा करायचे. उभ्या उंचीतून बसलेली उंची वजा केली की पायांची लांबी मिळते. या मुलाचे पाय जूनमध्ये ८१.८ होते, सप्टेंबरमध्ये ८३.४, डिसेंबरमध्ये ८४.७ आणि मार्चमध्ये ८५.२. म्हणजे पावसाळ्यात तो वाढला तो बहुतेक पायांत. सप्टेंबरनंतर धड वाढू लागलं आणि मार्चपर्यंत पायांची वाढ मंदावली. हाच क्रम नैसर्गिक आहे, आधी पाय आणि मागून धड. पण गोलंदाजासाठी या दोन टप्प्यांचे अर्थ वेगळे आहेत. पाय वाढतात तेव्हा रन-अप बिघडतो. धड वाढतं तेव्हा कंबर धोक्यात येते, कारण मणक्यांच्या हाडांची लांबी आधी वाढते आणि त्यांत खनिज भरून ती पक्की व्हायला त्यानंतर काही महिने लागतात.

माप घेण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण इथेच बहुतेक वह्या निकामी ठरतात. माणसाची उंची सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरते. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, आणि गोलंदाजी केल्यावर आणखी. तीन महिन्यांतली वाढच दोन-अडीच सेंटिमीटर असते. जूनचं माप सकाळी आणि सप्टेंबरचं माप नेट्सनंतर संध्याकाळी घेतलं, तर निम्मी वाढ कागदावरून गायब होते. म्हणून सकाळी, अनवाणी, व्यायामाआधी, त्याच भिंतीला आणि शक्यतो त्याच माणसाने मोजायचं. दोनदा मोजायचं. दोन मापांत चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजून मधलं माप धरायचं.

उंची, बसलेली उंची, वजन आणि वय घालून ‘वाढीचा सर्वांत वेगवान काळ कधी येतो किंवा येऊन गेला’ हे सांगणारं एक सूत्र प्रशिक्षकांमध्ये फिरतं. तुम्हीही ते वापरत असाल. या मुलाचे डिसेंबरचे आकडे (वजन ५७ किलो) त्यात घातले तेव्हा उत्तर आलं की तो काळ १.४ वर्षांपूर्वीच उलटून गेला. पण टेप सांगत होती की सप्टेंबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तो २.७ सेंटिमीटर वाढला. वर्षाच्या हिशेबाने हा वेग पावणेअकरा सेंटिमीटर होतो, म्हणजे तो वाढीच्या ऐन शिखरावर होता. सूत्र सरासरी मुलासाठी बरं चालतं. उशिरा वाढणाऱ्या मुलाला मात्र ते ‘वाढून झाला’ असं सांगतं, आणि नेमका तोच मुलगा आपल्याला ओळखायचा असतो. दोन्हींत तफावत दिसली तर टेपवर विश्वास ठेवा. टेपवर विश्वास ठेवायचा तर तीन-तीन महिन्यांची किमान तीन मापं हाताशी लागतात. एकाच दिवशी घेतलेल्या मापावरून वाढीबद्दल काहीही लिहू नका.

आता स्कोअरबुक. पहिले चार सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले: ५२ षटकं, १३३ धावा, १४ विकेट्स. नंतरचे पाच डिसेंबर ते फेब्रुवारीमधले: ६१ षटकं, १९६ धावा, ९ विकेट्स. सरासरी साडेनवावरून जवळजवळ बावीसवर गेली. कोणीही म्हणेल, मुलगा घसरला. मी विकेट्सच्या रकान्यावर थांबलो नाही, नो-बॉल मोजले. पहिल्या चार सामन्यांत ३ आणि नंतरच्या पाचांत १७.

नो-बॉलला आपण शिस्तीचा प्रश्न समजतो आणि मुलाला मैदानाला फेऱ्या मारायला लावतो. या मुलालाही तेच सांगितलं गेलं होतं. पण त्याचा रन-अप मे महिन्यात टेपने १८ मीटर ठरवलेला होता आणि तो प्रामाणिकपणे त्याच खुणेवरून धावत होता. जून ते डिसेंबर त्याचे पाय साडेतीन टक्क्यांनी लांब झाले. ढांग त्याच प्रमाणात लांबली असं धरलं तर तेवढ्याच पावलांत तो १८ मीटरऐवजी साठेक सेंटिमीटर जास्त अंतर कापणार. हे साठ सेंटिमीटर कुठेतरी जिरवावे लागतात. काही चेंडूंवर पाय रेषेपुढे पडतो, तो नो-बॉल. बाकीच्या चेंडूंवर मुलगा शेवटची दोन पावलं आखडून घेतो. व्हिडिओत ते अगदी स्पष्ट दिसत होतं: उडी घ्यायच्या आधी गाडीला ब्रेक लागावा तसा त्याचा वेग पडत होता आणि अंग डावीकडे कलत होतं. म्हणजे स्कोअरबुकातला ‘नो’ हा उंचीच्या वहीतल्या पायांच्या लांबीचाच पुढचा आकडा होता. डिसेंबरच्या पानावर नो-बॉल अचानक वाढलेले दिसले तर शिक्षा देण्याआधी खूण मागे न्या आणि पुन्हा बघा. या मुलाची खूण आम्ही ५५ सेंटिमीटर मागे नेली, आणि पुढच्या दोन नेट्समध्ये शेवटच्या पावलांतली ती आखडणूक बरीच कमी झाली.

विकेट्सचं काय, ते आता सांगतो. नऊ सामन्यांत २३ विकेट्स म्हणजे फक्त २३ घटना. स्लिपमध्ये दोन झेल सुटले, पंचांनी एक पायचीत नाकारला, की सरासरी कुठल्या कुठे जाते. एवढ्या थोड्या संख्येवरून फॉर्म ठरवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक चेंडूला पेन्सिलने एक खूण करतो. फलंदाज बीट झाला, कड लागली, पॅडवर घेतला, किंवा मारायचा होता तिकडे न जाता चेंडू भलतीकडे गेला, तर ठिपका. सोडलेला चेंडू किंवा नीट खेळलेला चेंडू, तर काही नाही. याला मी ‘चुकलेला फटका’ म्हणतो. सहाशे-सातशे चेंडूंत असे दीडशेच्या वर ठिपके पडतात, त्यामुळे नशिबाचा वाटा विकेट्सपेक्षा खूप कमी राहतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि स्कोअररला ते जमेलच असं नाही. अकादमीतल्या दुखापतीमुळे बसलेल्या एखाद्या मोठ्या मुलाला ते द्या. तो मन लावून करतो आणि त्यातून स्वतःही शिकतो.

या मुलाचे चुकलेले फटके पहिल्या चार सामन्यांत ३१२ चेंडूंत ७८ होते, म्हणजे २५ टक्के. नंतरच्या पाचांत ३६६ चेंडूंत ८४, म्हणजे २३ टक्के. फरक जवळपास नाहीच. फलंदाज त्याला तेवढेच चुकत होते, विकेट्स मात्र निम्म्या दराने पडत होत्या. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नंतरच्या पाच सामन्यांत त्याच्या गोलंदाजीवर सहा झेल सुटले होते, आधीच्या चारांत एक. शिवाय सुरुवातीच्या १४ विकेट्समधल्या ८ तळाच्या फलंदाजांच्या होत्या आणि चारपैकी तीन सामने मॅटिंगवर झाले होते. तिथे चेंडू टप्प्यावरून चटकन उठतो आणि त्या वयातल्या तळाच्या फलंदाजांची तारांबळ उडते. म्हणजे ऑक्टोबरची साडेनवाची सरासरी जरा फुगलेली होती आणि नंतरची बावीसची जरा दुर्दैवी.

पण ‘दुर्दैव’ लिहून रिपोर्ट संपवला असता तर खरी गोष्ट हातून निसटली असती. तेच ठिपके मी स्पेलप्रमाणे वेगळे केले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या स्पेलमध्ये २६ टक्के आणि नंतरच्या स्पेल्समध्ये २४, म्हणजे दिवसभर सारखाच. डिसेंबरनंतर पहिल्या स्पेलमध्ये २९ टक्के आणि नंतरच्या स्पेल्समध्ये १९. सकाळी तो आधीपेक्षा चांगला गोलंदाज झाला होता आणि दुपारी आधीपेक्षा वाईट. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खेळपट्टीत दमटपणा असतो आणि पहिल्या तासात चेंडू हलतो, हे धरावंच लागेल. त्यामुळे त्याच सामन्यांतल्या दुसऱ्या बाजूच्या वेगवान गोलंदाजाचे आकडेही मी काढले. त्याचीही दुपारी घसरण होती, पण तीन-चार टक्क्यांची. दहा टक्क्यांची घसरण फक्त याच मुलाची होती.

मग व्हिडिओकडे वळलो, पण आता नेमका काय प्रश्न विचारायचा हे माहीत होतं: पहिल्या आणि तिसऱ्या स्पेलमध्ये याच्यात काय बदलतं?

आधी वेग. स्पीड गन नसली तरी मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन पुरतो. मोबाइल तिपाईवर, खेळपट्टीला काटकोनात, शक्य तितका दूर ठेवायचा. फलंदाजाच्या यष्ट्यांपासून ६, ७ आणि ८ मीटरवर खेळपट्टीच्या बाजूला चुन्याच्या छोट्या खुणा करायच्या. गोलंदाजाच्या पॉपिंग क्रीजपासून समोरच्या यष्ट्या १८.९ मीटरवर असतात. चेंडू ७ मीटरच्या खुणेवर पडला तर हातातून सुटल्यापासून टप्प्यापर्यंत तो तिरक्या रेषेत साधारण १२.१ मीटर जातो. बोटं उघडतात ती फ्रेम आणि चेंडू त्याच्या सावलीला भेटतो ती फ्रेम, या दोन्हींमधल्या फ्रेम मोजायच्या. डिसेंबरमध्ये पहिल्या स्पेलला ८८ फ्रेम आल्या, म्हणजे ताशी ११९ किलोमीटर. हा टप्प्यापर्यंतचा सरासरी वेग झाला. हवेत चेंडू मंदावत जातो, त्यामुळे हातातून सुटतानाचा वेग याहून चार-पाच टक्के जास्त, म्हणजे १२४ च्या आसपास. तिसऱ्या स्पेलला ९५ फ्रेम, म्हणजे सुटताना ११५. ऑक्टोबरमध्ये तो सगळा दिवस १२० च्या जवळपास टाकत होता.

या पद्धतीत ताशी चार किलोमीटर इकडचे तिकडे होतात. टप्पा एक फूट चुकीचा धरला तरी तीन किलोमीटर बदलतात. त्यामुळे ‘हा १२४ ने टाकतो’ असं रिपोर्टात ठणकावून लिहू नका. पण एकाच दिवशी, एकाच जागी ठेवलेल्या मोबाइलवर, त्याच खुणेवर पडलेल्या चेंडूंमधला नऊ किलोमीटरचा फरक खरा मानायला हरकत नाही, कारण मोजणीतली चूक दोन्ही बाजूंना सारखीच आहे. प्रत्येक स्पेलचे किमान सहा चेंडू घ्या. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ मोजणीला घेऊ नका. तो दाबून पाठवलेला असतो, त्यातल्या फ्रेम गळालेल्या असतात. ज्या मोबाइलवर काढला त्याच मोबाइलवरची मूळ फाइल हवी.

ॲक्शनसाठी मी प्रत्येक चेंडूत तीनच क्षण थांबवून बघतो, जास्त नाही. मागचा पाय टेकतो तो क्षण, पुढचा पाय टेकतो तो क्षण, आणि चेंडू सुटतो तो. मागचा पाय टेकताना या मुलाची बोटं फाइन लेगच्या अंगाला अर्धवट वळलेली आणि छाती अर्धी उघडी असायची. ऑक्टोबरमध्ये खांदे तिथून सरळ पुढे फिरत. डिसेंबरच्या तिसऱ्या स्पेलमध्ये मागचा पाय तसाच पडायचा, पण खांदे पुढे जाण्याआधी आणखी मागे, आडवे व्हायचे आणि मग झटक्याने फिरायचे. कंबर फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, अशी पिळवटणूक. याला मिश्र ॲक्शन म्हणतात. खांद्यांचं हे उलटं वळण ३० ते ४० अंशांच्या पुढे गेलं की कमरेला धोका वाढतो असं मानलं जातं. अंश मोजायचे तर वरून कॅमेरा लागतो, तो आपल्याकडे नसतो. म्हणून मी अंशांचा आकडा लिहीत नाही. ‘पहिल्या स्पेलमध्ये नाही, तिसऱ्यात स्पष्ट दिसते’ एवढंच लिहितो, आणि ते पुरेसं असतं.

पुढचा पाय टेकताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायातून कमरेकडे जातो. गुडघा ताठ राहिला तर धावण्याचा वेग हातात उतरतो, गुडघा वाकला तर तो जमिनीतच जिरतो. या मुलाचा गुडघा सकाळी ताठ होता आणि दुपारी वाकत होता. लांब झालेले पाय सांभाळायला लागणारी ताकद त्याच्या मांड्यांत अजून आलेली नव्हती. पायांतून मिळेनासा झालेला वेग तो खांदे पिळून आणि अंग डावीकडे झुकवून भरून काढत होता. सकाळची २९ टक्के आणि दुपारची १९ टक्के, दोन्हींचं कारण एकच होतं. वाढलेल्या उंचीने त्याला उसळी दिली आणि त्याच उंचीने दुपारपर्यंत त्याची ताकद संपवली.

इथे मी त्याला एक प्रश्न विचारला, आणि तुम्हीही हा रिपोर्ट पूर्ण करण्याआधी विचारा. प्रशिक्षक, निवड समिती, वडील असे कोणी जवळ नसताना विचारा, कारण संघातली जागा जाईल या भीतीने मुलं लपवतात. ‘कमरेत दुखतं का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. त्यापेक्षा ‘गोलंदाजी केलेल्या रात्री कुशीवर वळताना कुठे लागतं?’ असं विचारावं. त्याने डाव्या हाताने कमरेच्या खालच्या डाव्या बाजूला, मणक्यापासून दोन बोटांवर बोट ठेवलं. उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाला डाव्या बाजूला, एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, आणि मागे वाकल्यावर ते वाढणं, हा थकवा समजायचा नाही. खालच्या दोन कंबर-मणक्यांच्या मागच्या कमानीतल्या अरुंद हाडावर ताण येतोय, अशी शंका घ्यायची आणि त्याच दिवशी गोलंदाजी थांबवायची.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका मुलाच्या बाबतीत मी एक्स-रे साफ आला म्हणून त्याला पुढचा सामना खेळू दिला. एक्स-रेत हा ताण सुरुवातीला दिसत नाही, तो एमआरआयमध्ये दिसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या मुलाच्या हाडाला चीर पडली आणि त्याचा पुढचा अख्खा हंगाम गेला. आज त्या मुलाला भेटलो की मला ती सकाळ आठवते. या मुलाला मी थेट खेळांच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगितलं. एमआरआयमध्ये हाडात सूज होती, चीर नव्हती. डॉक्टरांनी बारा आठवडे गोलंदाजी बंद केली. फलंदाजी कधी सुरू करायची, व्यायाम कोणते, हे त्यांनी ठरवलं. त्यात आपण बोलायचं नसतं.

त्याने टाकलेल्या चेंडूंचा हिशेबही तेव्हाच लागला. स्कोअरबुकात पाच महिन्यांत ६७८ चेंडू होते, ही फार मोठी संख्या नाही. पण मुलाच्या आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं: आठवड्यातून चार दिवस अकादमीची नेट्स, दोन दिवस शाळेची, आणि रविवारी सोसायटीच्या मुलांबरोबर टेनिस बॉलची स्पर्धा. नेट्समध्ये मोठ्या फलंदाजांना सराव देण्यासाठी तो सलग पाऊण तास टाकायचा. सगळं मिळून सामन्यांच्या कितीतरी पट चेंडू झाले असावेत. नेमका आकडा कोणाकडेच नव्हता, आणि रिपोर्टात मी तसंच लिहिलं. तुमच्या मुलासाठी आजपासून एक छोटी वही ठेवा. दिवस, ठिकाण, चेंडू, एवढेच तीन रकाने.

त्याच्या वयाचा दुसरा एक गोलंदाज त्या सामन्यांत १२८ च्या आसपास टाकत होता. दाट मिसरूड, रुंद खांदे, वर्षभरात उंची एक सेंटिमीटरही वाढलेली नाही. मंडळ १६ वर्षांखालच्या मुलांचं हाडांचं वय डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून तपासतं, पण ती तपासणी वय चोरलेलं नाही ना हे पाहण्यासाठी असते. दोन खरे पंधरा वर्षांचे मुलगे शरीराने दोन-तीन वर्षं मागेपुढे असू शकतात, आणि निवडीच्या दिवशी शेजारी उभे राहिले की मोठा दिसणाराच वेगवान वाटतो. म्हणून मी कोणाच्याही वेगाशेजारी त्याची वर्षभरातली वाढ लिहितो. १२८ आणि १ सेंटिमीटर. १२४ आणि नऊ महिन्यांतच ६.७ सेंटिमीटर. निवड समितीने याचं काय करायचं ते करावं, पण दोन्ही आकडे त्यांच्यासमोर असले पाहिजेत.

रिपोर्ट शेवटी एका पानाचा झाला. मोजमापं आणि वैद्यकीय बाब पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही देऊ नका आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मुलगा अल्पवयीन आहे आणि ही माहिती त्याची आहे. निवड समितीकडे जे पान गेलं त्यातला मुख्य भाग पालकांच्या संमतीने असा होता:

‘उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज, मार्चअखेर १५ वर्षं ११ महिने. उंची १७५.१, नऊ महिन्यांत ६.७ सेंटिमीटर वाढ, डिसेंबरपर्यंत वाढ शिखरावर, आता धडाची वाढ चालू. नव्या चेंडूवर पहिल्या स्पेलमध्ये २९ टक्के चुकलेले फटके, वेग अंदाजे १२० ते १२८ दरम्यान. नंतरच्या स्पेलमध्ये १९ टक्के, वेग सुमारे नऊ किलोमीटरने कमी, पुढचा गुडघा वाकतो, खांद्यांची उलटी पिळवटणूक दिसते. डिसेंबरनंतर विकेट्स कमी होण्यामागे सुटलेले झेल आणि दुपारची घसरण ही कारणं आहेत. पहिल्या स्पेलमधली गोलंदाजी ऑक्टोबरपेक्षा सरस आहे. नो-बॉलचं कारण रन-अपची जुनी खूण, ती बदलली आहे. कमरेच्या हाडात ताण आढळल्याने वैद्यकीय सल्ल्याने बारा आठवडे गोलंदाजी बंद. परतल्यावर पहिले दोन महिने दिवसाला दोन स्पेल, प्रत्येकी चार षटकं, लागोपाठ दोन दिवस गोलंदाजी नाही. अंतिम उंची आणि अंतिम वेग यांबद्दल आज मत देता येत नाही. १९ वर्षांखालील संभाव्य यादीत नाव ठेवावं. पुढचं माप जूनच्या पहिल्या आठवड्यात, पुढचा व्हिडिओ परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात, पहिल्या आणि शेवटच्या स्पेलचा.’

तुमच्या मुलाची डिसेंबरची बसलेली उंची कोणी मोजली असेल तर आधी ती शोधा. नसेल तर उद्या सकाळी मोजा, आणि त्याच भेटीत कमरेचा तो प्रश्न विचारा.